ट्रान्सफर फेल झाला, पैसे परत आले: शाखेकडून तसं लेखी कसं घ्यायचं? कोल्हापुरातल्या छोट्या व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लक्ष्मीपुरीतल्या काही दुकानांची हिशेबाची कामं बघतो. चटणीचा सीझन सुरू झाला की माल उचलायची घाई असते, पैसे रोज इकडून तिकडे जातात आणि त्यातला एखादा ट्रान्सफर अडकून परत येतो. पैसे आले म्हणून आपण विसरतो. पण समोरचा व्यापारी विसरत नाही, कारण त्याच्याकडे आपण पाठवलेला स्क्रीनशॉट असतो. खालचे प्रश्न मला दुकानात, फोनवर आणि बँकेच्या रांगेत विचारले गेलेले आहेत.

पैसे परत आलेत हे पासबुकात दिसतंय. मग वेगळं पत्र कशाला?

पासबुक तुमच्यासाठी पुरेसं आहे, समोरच्यासाठी नाही. असं का, ते आमच्याच एका दुकानाच्या प्रकरणावरून सांगतो.

दुकान लाल मिरची आणि मसाल्याचं. ब्याडगीच्या एका अडत्याकडून मिरची घेतली. बिल १,८४,५०० रुपयांचं. दोन लाखांच्या आतली रक्कम, म्हणून आरटीजीएस होत नाही, एनईएफटी केलं. १३ मार्चला संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास नेट बँकिंगवरून पैसे पाठवले, यूटीआर नंबरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकला आणि अडत्यानं विश्वासानं गाडी सोडली. त्याच रात्री साडेआठनंतर पैसे परत खात्यात जमा झाले. अडत्यानं त्याचं जुनं खातं बंद करून फर्मच्या नावानं नवीन उघडलं होतं आणि आमच्या दुकानात जुनाच नंबर सेव्ह होता. जमा झाल्याचा मेसेज मालकांना आला, पण त्या रात्री गिऱ्हाइकांचे चार-पाच जमेचे मेसेज होते, त्यात हाही गेला.

तीन आठवड्यांनी अडत्याचा फोन आला. "शेठ, यूटीआर पाठवलात आणि पैसे काढून घेतलात?" त्याचा राग खोटा नव्हता. त्याच्या हातात "सक्सेसफुल" लिहिलेला स्क्रीनशॉट होता आणि त्याच्या खात्यात काहीच नव्हतं. आमच्या मालकांनी तासाभरात नवीन खात्यावर पैसे पाठवले, पण "मी मुद्दाम केलं नाही" हे दाखवायचं राहिलंच. शिवाय उशिराचं व्याज कुणी सोसायचं हाही प्रश्न होता.

आम्ही स्टेटमेंटची प्रत पाठवली. त्याचं उत्तर आलं: "यात १३ तारखेला एक जमा दिसते, पण ती माझ्याच पैशाची कशावरून?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. नावे पडलेल्या नोंदीवर एक यूटीआर होता, जमा नोंदीवर दुसराच संदर्भ नंबर होता. दोन्हींना जोडणारं त्या कागदावर काही नव्हतं. पत्र हवं ते या जोडणीसाठी.

बँकेत गेल्यावर "फेल" म्हणू की "रिटर्न" म्हणू? फरक पडतो का?

पडतो. चुकीचा शब्द वापरला की क्लार्क चुकीच्या स्क्रीनवर शोधतो आणि "असा फेल व्यवहार दिसत नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवतो.

एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालतं, दिवसाला ४८ बॅच, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास. तुमचा व्यवहार बॅचमध्ये गेला, रिझर्व्ह बँकेत दोन बँकांचा हिशेब झाला, पैसे समोरच्या बँकेत पोचले. तिथं खातं बंद आहे किंवा नंबर जुळत नाही असं दिसलं, तर ती बँक बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांच्या आत पैसे परत पाठवते. म्हणजे तुमच्या बँकेच्या दृष्टीनं पाठवणी यशस्वीच झालेली असते. म्हणूनच स्क्रीनवर "सक्सेसफुल" दिसतं आणि तो स्क्रीनशॉट खोटा नसतो. नंतर जे होतं ते "रिटर्न": एक वेगळा, उलट दिशेचा व्यवहार, स्वतःच्या वेगळ्या नंबरचा. आमच्या प्रकरणात व्यवहार सातच्या बॅचमध्ये गेला आणि रात्री नऊच्या आत परत आला, म्हणजे सगळं नियमात बसणारं होतं.

आयएमपीएसमध्ये बहुतेक वेळा तिथल्या तिथे नकार येतो आणि नावे पडलेली रक्कम उलटी फिरते. त्याला बँकेत "रिव्हर्सल" म्हणतात. तिथं यूटीआरऐवजी बारा आकडी आरआरएन सांगायचा. यूपीआयचंही तसंच. आरटीजीएसमध्ये पुन्हा "रिटर्न" म्हणायचं.

थोडक्यात, आधी व्यवहार कोणत्या मार्गानं केला ते सांगा, मग नंबर द्या. "माझा ट्रान्सफर फेल झाला" एवढ्यावर कुणालाच काही सापडत नाही.

जायच्या आधी काय काढून ठेवायचं?

त्या दिवसाचं स्टेटमेंट, ज्यात दोन्ही नोंदी आहेत. दोन नोंदी वेगळ्या पानांवर असतील तर दोन्ही पानं. पैसे पाठवल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट. ज्याला पाठवले त्याचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी, जसं तुम्ही भरलं होतं तसं, चूक असली तरी तशीच. इथं बरेच जण अर्जात दुरुस्त केलेला नंबर लिहितात आणि मग बँकेच्या नोंदीशी अर्ज जुळत नाही.

नेट बँकिंगमध्ये परतीच्या नोंदीवर क्लिक केलं की कधीकधी पूर्ण मजकूर उघडतो, त्यात परतीचं कारण आणि मूळ नंबर असतो. तो दिसला तर छापून न्या, क्लार्कचं अर्धं काम होतं.

अर्ज कसा लिहायचा?

फर्मच्या लेटरहेडवर, एका पानात, दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का न घेता अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका, मग तो दिला होता की नाही यावरच चर्चा सुरू होते. आमच्या दुकानानं शेवटी दिलेला अर्ज असा होता, फक्त नंबर काढले आहेत:

> प्रति,
> मा. शाखाधिकारी साहेब,
> ……… शाखा, कोल्हापूर.
>
> विषय: एनईएफटी व्यवहार परत आल्याबाबत लेखी दाखला मिळणेबाबत.
>
> महोदय,
> आमच्या फर्मच्या चालू खाते क्र. ……… मधून दि. १३ मार्च रोजी रु. १,८४,५००/- (अक्षरी रुपये एक लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे फक्त) एनईएफटीद्वारे पाठवले होते. यूटीआर क्र. ……… . लाभार्थीचे नाव ……… , खाते क्र. ……… , आयएफएससी ……… .
> सदर रक्कम त्याच दिवशी आमच्या खात्यात परत जमा झाली आहे. जमा नोंदीचा संदर्भ क्र. ……… .
> आमच्या पुरवठादारास दाखवण्यासाठी खालील बाबी नमूद असलेला दाखला शाखेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मिळावा:
> १. मूळ व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम व यूटीआर.
> २. सदर रक्कम लाभार्थीच्या बँकेकडून परत आल्याची तारीख, वेळ व परतीचा संदर्भ क्रमांक.
> ३. वरील जमा ही त्याच यूटीआरच्या व्यवहाराची परतफेड असल्याचा स्पष्ट उल्लेख.
> ४. लाभार्थीच्या बँकेने कळवलेले परतीचे कारण.
> दाखल्यासाठी लागणारे शुल्क आमच्या खात्यातून घ्यावे.
>
> कळावे,
> (मालकाची सही, फर्मचा शिक्का)

यातला तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या खेपेला आम्ही तो लिहिलाच नव्हता. शाखेनं चांगल्या मनानं पत्र दिलं: "अमुक तारखेला अमुक रक्कम नावे पडली, अमुक तारखेला तेवढीच रक्कम जमा झाली." वाक्य खरं होतं, पण अडत्याची शंका जशीच्या तशी राहिली. दुसऱ्यांदा जावं लागलं.

शुल्काचं वाक्य आधीच लिहून टाकावं. दाखल्याचं शुल्क प्रत्येक बँकेच्या दरपत्रकाप्रमाणे असतं, आणि ते कुठून घ्यायचं या प्रश्नावर कागद दोन दिवस पडून राहतो.

चालू खात्यावर दोन भागीदारांच्या सह्या चालत असतील, तर अर्जावरही त्या नियमाप्रमाणेच सह्या करा. मुलाला किंवा दिवाणजीला पाठवणार असाल तर तसं अधिकारपत्र द्या. खात्याची माहिती बँक दुसऱ्याच्या हातात देणार नाही, आणि देऊही नये.

शाखेतले साहेब म्हणतात, "स्टेटमेंटवर शिक्का मारून देतो, तेवढं पुरे."

कधीकधी खरंच पुरतं. परतीच्या नोंदीच्या मजकुरात मूळ यूटीआर छापून येत असेल, तर शिक्का-सहीचं स्टेटमेंट हाच चांगला पुरावा. आधी ती ओळ नीट वाचा. काही बँकांच्या स्टेटमेंटवर "एनईएफटी रिटर्न", त्यापुढे मूळ नंबर आणि कारण असं सगळं येतं. काहींच्या स्टेटमेंटवर रकाना अरुंद म्हणून नंबर अर्धाच छापला जातो.

मूळ नंबर दिसत नसेल, तर साहेबांना नम्रपणे पण नेमकं सांगा: "साहेब, परतीच्या संदेशात मूळ व्यवहाराचा नंबर असतो. तुमच्या सिस्टीमला तो दिसतो, आमच्या स्टेटमेंटवर येत नाही. तेवढाच लिहून द्या." सिस्टीमनं पैसे बरोबर तुमच्याच खात्यात परत टाकले, ते त्या नंबरावरूनच. आमच्या शाखेत असं सांगितल्यावर एका मॅडमनी स्क्रीन उघडून पाच मिनिटांत तो नंबर काढला. तोपर्यंत तीन फेऱ्या झाल्या होत्या. त्यात त्यांची टाळाटाळ नव्हती, आम्ही काय मागतोय हेच त्यांना कळलं नव्हतं.

भांडण कोर्टात जाईल असं दिसत असेल तर मागणी बदलते. तिथं बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे प्रमाणित केलेला उतारा मागा. त्याला संगणकातून काढलेल्या छापील प्रतीबद्दलचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. नुसता गोल शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणि हा उतारा एक नाही.

शाखा काय लिहून देणार नाही?

तुमची शाखा तिच्या स्वतःच्या नोंदीत आहे तेवढंच लिहू शकते. पैसे नावे पडले, बाहेर गेले, परत आले, जमा झाले आणि समोरच्या बँकेनं हे कारण कळवलं. "लाभार्थीचं खातं बंद आहे" असं स्वतःच्या जबाबदारीवर ती लिहिणार नाही, कारण ते खातं तिच्याकडे नाही. "लाभार्थी बँकेने कळवलेले कारण: खाते बंद" असं मात्र लिहू शकते. अर्जात चौथा मुद्दा याच शब्दांत ठेवलाय तो म्हणूनच.

"यात ग्राहकाची चूक नाही" हे वाक्यही मागू नका. ते बँकेनं ठरवायचं नसतं, आणि आमच्या प्रकरणात तर जुना नंबर आमच्याकडेच राहिला होता. असं वाक्य मागितलं की पत्र शाखेतून वरच्या कार्यालयात जातं आणि साधा दाखलाही अडकतो.

आमचं खातं सहकारी बँकेत आहे. शाखेला स्वतःलाच काही दिसत नाही म्हणतात.

कोल्हापुरात हे फार होतं, कारण आपल्याकडे सहकारी बँकांत खाती असलेले व्यापारी पुष्कळ आहेत. छोट्या सहकारी बँका अनेकदा एनईएफटीच्या थेट सदस्य नसतात, एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत उपसदस्य असतात. परत आलेले पैसे आधी प्रायोजक बँकेकडे येतात, तिथून तुमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयात, मग तुमच्या खात्यात. शाखेला शेवटची जमा दिसते, परतीचा मूळ संदेश दिसेलच असं नाही.

अशा वेळी अर्ज शाखेतच द्या, पण त्यात एक वाक्य वाढवा: "आवश्यक असल्यास मुख्य कार्यालयाकडून अथवा प्रायोजक बँकेकडून परतीचा तपशील मागवून दाखला द्यावा." मग शाखाधिकाऱ्यांना तो अर्ज पुढे पाठवायला आधार मिळतो. आणि थोडे जास्त दिवस धरून चाला.

पैसे परत यायला उशीर झाला. भरपाई मिळते का?

मार्गावर अवलंबून आहे. आयएमपीएस आणि यूपीआयसाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. खात्यातून पैसे गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तक्रारीची वाट न बघता बँकेनं आपणहून द्यायची. यूपीआयनं दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी मुदत पाच दिवसांची आहे.

एनईएफटीला दिवसाला शंभरचा नियम नाही. तिथं उशिराच्या काळासाठी रेपो दर अधिक दोन टक्के या दरानं व्याज मिळतं. हिशेब करून बघा: दोन्ही मिळून आठ टक्के धरले, तर १,८४,५०० रुपयांवर दिवसाला साधारण चाळीस रुपये. एवढ्यासाठी भांडत बसावं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पत्रात तारखेबरोबर वेळ मागायची ती यासाठीही. वेळ नसेल तर उशीर झाला की नाही हेच ठरत नाही.

पैसे अजून परतच आले नाहीत. तरी दाखला मागू का?

नको. तेव्हा दाखला नाही, तक्रार नोंदवायची आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. आणि समोरच्याला सांगा की त्याच्या बँकेत तोच यूटीआर दाखवून बघ. कधीकधी पैसे त्याच्याच दुसऱ्या खात्यात जमा झालेले सापडतात.

वहीत नोंद कशी करायची? दोन्ही ओळी खोडून टाकल्या तर?

खोडू नका. बँकेच्या स्टेटमेंटवर दोन नोंदी आहेत, तुमच्या बँक वहीतही दोन हव्यात: पुरवठादाराच्या नावे पेमेंट आणि त्याच पुरवठादाराच्या खात्यावर परत जमा. दोन्हीच्या तपशिलात मूळ यूटीआर लिहा. पत्राची प्रत त्या महिन्याच्या फाइलला लावा.

मी पाहिलेली सगळ्यात वाईट चूक म्हणजे परत आलेली रक्कम विक्रीच्या जमेत धरणं. रोज वीस-पंचवीस जमा नोंदी असल्या की हे सहज होतं, आणि ताळेबंदाच्या वेळी दोन दिवस एका आकड्यामागे जातात.

आणि एक. ट्रान्सफर परत आला म्हणून चिडून "रोखच देतो" असं करू नका. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. मिरचीच्या गाडीच्या बिलापुढे ही मर्यादा काहीच नाही.

शाखा पत्र देतच नाही. पुढे काय?

इनवर्डचा शिक्का असलेली प्रत घेऊन बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा, ईमेलनं केली तरी चालते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या `cms.rbi.org.in` या साइटवर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. माझ्या अनुभवात तिथपर्यंत जावं लागत नाही. मागणी नेमकी असली की पत्र मिळतं.

पुन्हा पैसे पाठवताना काय बघायचं?

जुना सेव्ह केलेला लाभार्थी आधी डिलीट करा. तो तसाच राहिला तर पुढच्या गाडीच्या घाईत बोट पुन्हा त्याच नावावर जातं. नवीन खात्याचा रद्द केलेला चेक मागून घ्या. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतं का हे बघितलं जाईलच असं धरू नका. एप्रिल २०२५ पासून नेट बँकिंगमध्ये आणि शाखेतही पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांनी द्यायची आहे, ती वापरा. आणि समोरच्याला कळवताना नुसता यूटीआर पाठवू नका. समोरच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचा जो दुसरा मेसेज बँकेकडून येतो, त्याची वाट बघा आणि तो पाठवा.

ब्याडगीच्या अडत्याला आम्ही दुसरं पत्र पाठवलं ते दुपारी. त्यानं दोन्ही नंबर त्याच्या बँकेत नेऊन दाखवले. त्याच्या बंद खात्यावर आलेली आणि परत गेलेली रक्कम तिथंही सापडली. संध्याकाळी त्याचा फोन आला: "शेठ, माझंच सांगायचं राहिलं होतं." व्याज त्यानं सोडलं, आणि पुढची गाडी त्याच भावानं दिली.